निबंधात न मावणारी गोष्ट

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एक मुलगी आपल्या अब्बूंना घेऊन आली. दहावीपर्यंत ती आमच्याच शाळेत उर्दू माध्यमात शिकली. पुढे तिने इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्स घेतले. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत बारावीनंतरच्या पदवीसाठी अर्ज करायचे तिने ठरवले होते. परदेशी विद्यार्थ्यांना घरची परिस्थिती पाहून मोठी आर्थिक मदत देणारी कॉलेजे तिकडे आहेत, आणि तिने अशीच सात कॉलेजे निवडली होती. फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. अडले होते एकाच ठिकाणी. अकरावीला तिला ५९ टक्के होते आणि दहावीला ९१.

“सर, हे मी निबंधात लिहिलंय,” असे म्हणत तिने कागद पुढे केला. बाप शेजारी मान खाली घालून बसला होता. कागद वाचल्यावर ती मान का खाली होती ते आम्हाला कळले.

अमेरिकेतील हजाराहून जास्त कॉलेजे ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच ऑनलाइन अर्ज स्वीकारतात. दरवर्षी १ ऑगस्टला तो नव्याने उघडतो. नियमित फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. त्यात मार्क, शाळा, घरची माहिती, दहापर्यंत उपक्रम आणि एक मुख्य निबंध असतो. निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा आहे. मुले सगळा जीव या निबंधावर लावतात. त्याच विभागात, निबंधाच्या शेजारी, Additional Information नावाचे आणखी एक पान असते आणि त्यावर दोन चौकटी असतात. दोन्ही ऐच्छिक आहेत, म्हणून बहुतेक मुले तिथे काही न लिहिता पुढे जातात. काही मुले नेमके उलटे करतात आणि उरलेले सगळे तिथे ओततात. आमचा आजचा विषय हेच पान आहे.

पहिली चौकट अडचणी आणि परिस्थिती यांची आहे. घरातले आजारपण, कुणाची नोकरी जाणे, घरच्यांची देखभाल, अभ्यासाला शांत जागा नसणे, दंगल किंवा पूर यांसारख्या गोष्टींचा शिक्षणावर परिणाम झाला असेल तर तो २५० शब्दांत लिहायचा. दुसरी चौकट उरलेल्या माहितीची. अर्जात दुसरीकडे कुठेही न बसणारे, पण अर्ज समजायला लागणारे जे असेल ते तिथे येते. तिला पूर्वी ६५० शब्द मिळत. २०२५-२६च्या अर्जापासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी ती मर्यादा ३०० वर आणली आहे. मोठ्या भावंडांनी चार वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म समोर ठेवून लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता त्या मुलीचा कागद. निबंध ६४० शब्दांचा होता आणि सगळा अब्बूंच्या किडनीवर होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास मशिनवर. मशिनचा आवाज, नळीतून जाणारे रक्त, घरी आल्यावर अब्बूंना येणारी गुंगी, अम्मीचे रात्री उठून मुसल्यावर बसणे, सगळे तिने लिहिले होते. शेवटच्या सहा ओळींत अकरावीचे मार्क का घसरले ते होते. भाषा चांगली होती. वाचताना आमचेही डोळे भरून आले, हे कबूल करतो.

पण निबंध वाचून संपल्यावर आम्हाला तिच्या अब्बूंची ओळख झाली होती, तिची नाही. तिला काय आवडते, ती विचार कशी करते, रिकाम्या वेळात काय करत बसते, यातले काही त्यात नव्हते. आणि ज्या माहितीसाठी हे सगळे लिहिले, म्हणजे मार्क केव्हा, किती आणि का घसरले, तीही धड मिळत नव्हती. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत? आता ती परिस्थिती आहे की संपली? यातले एकही उत्तर सहा ओळींत नव्हते.

अब्बू मग हळूच म्हणाले, “सर, माझ्या रक्ताचं वर्णन करून पोरीला शिकायला मिळणार असेल तर माझी ना नाही. पण मला ते वाचवत नाही.”

आम्ही त्यांना सांगितले की वर्णनाची गरजच नाही. तिकडे अर्ज वाचणाऱ्यासमोर एका हाताला मार्कांची यादी असते. ती वरून खाली वाचताना एका ठिकाणी तो थबकतो. तिथे त्याला ‘हे असे का’ याचे थोडक्यात उत्तर हवे असते. ते मिळाले की तो पुढे जातो. त्याच्या हाती अर्जाचा ढीग असतो आणि एकेका अर्जाला मोजकीच मिनिटे मिळतात. हे उत्तर निबंधात दडलेले असेल तर त्याला ते हुडकावे लागते. ठरलेल्या चौकटीत असेल तर जिथे शोधायचे तिथेच सापडते.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत अकरावीच्या मार्कांना आणखी एक वजन आहे, आणि ते पालकांना सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावी आणि बारावी यांच्यामधला विसावा समजतात. परीक्षा कॉलेजच घेते, बोर्डाचा शिक्का नसतो, म्हणून ‘अकरावी कोण बघतं’ असे घराघरांत म्हटले जाते. अमेरिकेत मात्र नववी ते बारावी अशी चार वर्षे एकत्र पाहतात. आपली बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल त्यानंतर कधीतरी. तिकडचे निर्णय बहुधा मार्चअखेरपर्यंत लागून गेलेले असतात. म्हणजे कॉलेजने अर्ज वाचला तेव्हा त्याच्यासमोर पूर्ण झालेले सर्वांत ताजे वर्ष होते अकरावीचे. आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो तेच पान तिकडे सर्वांत वर असते.

यात मार्कांच्या मोजपट्टीचा घोळ वेगळाच आहे. आपल्या बोर्डात ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास आणि ७५ला डिस्टिंक्शन. ५९ टक्के म्हणजे आपल्याकडे सेकंड क्लास. नातेवाईक ‘थोडक्यात फर्स्ट क्लास गेला’ म्हणून हळहळतील. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत मात्र ९०च्या वर असले तर ‘ए’ आणि ६०च्या खाली असले तर चक्क नापास. आपले मार्क वाचण्याची सवय असलेला माणूस तिकडे असतो, नाही असे नाही. पण लहान कॉलेजात तो असेलच याची खात्री कुणी द्यावी? आमच्या मुलीचे ५९ त्या डोळ्यांनी पाहिले तर ती अख्खे वर्ष नापास झालेली दिसते.

तेव्हा आम्ही तिला अकरावीचे गुणपत्रक समोर ठेवायला सांगितले. इंग्रजी ६२, उर्दू ८४, फिजिक्स ५८, गणित ६६, केमिस्ट्री ४१, बायोलॉजी ४३. सहाशेपैकी ३५४. घसरण सगळीकडे होती, पण केमिस्ट्री आणि बायोलॉजी अगदी तळाला. आम्ही विचारले, हेच दोन का? ती म्हणाली, “माहीत नाही सर, लक्षच लागत नव्हतं.”

मग आम्ही तिचे अकरावीचे वेळापत्रक मागितले. ते तिने वहीच्या पुठ्ठ्याआड जपून ठेवले होते. कॉलेज सकाळी साडेसातचे. अब्बूंचा डायलिसिसचा नंबर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी बाराचा. घरात दुसरे कुणी नेणारे नव्हते. अम्मी धाकट्या दोघांना सांभाळून शिवणकाम करत होती. त्यामुळे ही मुलगी तीनही दिवस अकरा वाजता कॉलेजातून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला अब्बूंना घेऊन घरी पोचायची. अकरानंतर त्या तीन दिवशी काय असायचे? केमिस्ट्रीचा तास, बायोलॉजीचा तास आणि दोन्हीची प्रॅक्टिकल्स. गणित आणि फिजिक्स सकाळी होते, ते तिने बहुतेक चुकवले नव्हते.

एक वर्ष ती स्वतःला बोल लावत होती, आणि उत्तर वेळापत्रकात होते. सांगायचा मुद्दा असा की अशा चौकटीत लिहायची गोष्ट मनात शोधू नये, कागदांत शोधावी. हजेरीचा उतारा, वेळापत्रक, दवाखान्याची फाइल, प्रत्येक चाचणीचे मार्क समोर घेऊन बसले की कारण आणि परिणाम यांचा दुवा आपोआप दिसतो. तो दुवा वाचणाऱ्यालाही गुणपत्रकावर ताडून बघता येतो. ‘घरच्या परिस्थितीमुळे अभ्यासावर परिणाम झाला’ हे वाक्य कुणीही लिहील. ‘तीन दिवस अकरानंतरचे तास चुकले आणि ते याच दोन विषयांचे होते’ हे ज्याच्यावर बेतले तोच लिहू शकतो.

तिने तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. शेवटी अडचणींच्या चौकटीत जे राहिले ते इंग्रजीत सव्वाशेच्या आसपास शब्दांचे होते. तिच्या आणि अब्बूंच्या परवानगीने त्याचा मराठी मजकूर इथे देतो:

“ऑगस्ट २०२४ मध्ये, मी अकरावीत असताना, माझ्या वडिलांना किडनीच्या आजारामुळे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. घरात त्यांना नेणारे दुसरे कोणी नसल्याने सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मी अकरा वाजता कॉलेज सोडत असे आणि साडेपाचला त्यांच्यासोबत घरी येत असे. माझे केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे तास व प्रयोग याच वेळात होते, आणि त्या दोन विषयांत मला ४१ व ४३ गुण मिळाले. मार्च २०२५ पासून माझे मामा वडिलांना घेऊन जातात. तेव्हापासून माझे तास चुकलेले नाहीत. चुकलेले प्रयोग मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या परवानगीने पूर्ण केले. बारावीच्या पहिल्या सत्रात मला केमिस्ट्रीत ७१ आणि बायोलॉजीत ७६ गुण आहेत. वडिलांचे डायलिसिस अजून चालू आहे.”

यात एकही विशेषण नाही. केव्हा सुरू झाले, काय करावे लागले, कशावर परिणाम झाला, केव्हा थांबले आणि आता काय स्थिती आहे, एवढेच आहे. शेवटचे वाक्य ठेवावे की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. तिला ते काढायचे होते, दया मागितल्यासारखे वाटते म्हणून. आम्ही ठेवायला सांगितले. आजार चालू असून मार्क वर आले आहेत, ही माहिती आहे. ती लपवली तर वाचणाऱ्याला वाटेल की वडील बरे झाले म्हणून मुलगी सावरली, आणि ते खरे नाही.

२५० शब्दांची जागा असताना निम्मीच वापरली, हे तिला खटकत होते. आपल्या मुलांना उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडायची सवय असते. जागा रिकामी ठेवली की मार्क जातात असे त्यांना वाटते. या चौकटीत मात्र मर्यादा म्हणजे कमाल आहे, तेवढे भरलेच पाहिजे असे नाही.

देखभालीची गोष्ट आणखी एका जागी जायला हवी होती, आणि ती जागा तिने रिकामी सोडली होती. उपक्रमांच्या यादीत खेळ, वक्तृत्व, समाजसेवा यांच्यासोबत घरच्या जबाबदाऱ्यांचा प्रकारही आहे. आपल्या मुलींना वाटते, घरचे काम म्हणजे काय उपक्रम झाला? वर्णनाला तिथे १५० अक्षरेच मिळतात, शब्द नव्हे, आणि सोबत आठवड्याचे तास व वर्षातले आठवडे लिहायचे असतात. तिने हिशेब केला. अकरा ते साडेपाच म्हणजे साडेसहा तास, तीन दिवसांचे साडेएकोणीस. ऑगस्टच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर, म्हणजे २८ आठवडे. मग तिच्या यादीत इतर उपक्रम कमी का, हेही वेगळे सांगावे लागले नाही.

दुसऱ्या चौकटीत, जिथे ३०० शब्दांची मुभा होती, तिने तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली, दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान उर्दूत शिकले, अकरावीपासून इंग्रजीत. दुसरी मोजपट्टीची: राज्य मंडळात पास ३५ला होतो, आणि तिच्या कॉलेजात त्या वर्षी अकरावी सायन्समध्ये पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ७८ टक्के होते. या एका वाक्याने तिचे ५९ वेगळे दिसायला लागतात. ७८चा आकडा तिने ऐकीव लिहिला नव्हता, ऑफिसातून खात्री करून घेतला होता. तिसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग अब्बूंचे. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे दोन तऱ्हेचे. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. एकाच घरात तीन भावांची तीन स्पेलिंगे आम्ही पाहिली आहेत. कागद जुळवणाऱ्या कारकुनाला ही दोन माणसे वाटू नयेत म्हणून एक ओळ पुरते.

याच चौकटीत गेल्या काही वर्षांत मुलांनी काय काय लिहिलेले पाहिले ते सांगायला हवे, कारण चुका जवळपास त्याच त्या असतात. एकाने उरलेल्या सतरा प्रमाणपत्रांची यादी दिली, त्यात चौथीतल्या रंगभरण स्पर्धेचेही होते. एकीने निबंध पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहिला. एका मुलाने ८८वरून ८५वर आल्याचा लांबलचक खुलासा केला. तो खुलासा वाचेपर्यंत ती घसरण कुणाच्या लक्षातही आली नसती. आणि एकाने केमिस्ट्रीचे शिक्षक नीट शिकवत नव्हते असे लिहिले. नसतील शिकवत, आम्ही त्यांच्या वर्गात बसलो नाही. पण तीच केमिस्ट्री त्याच वर्गातल्या इतरांनाही होती, आणि वाचणाऱ्याच्या मनात हा विचार आल्याशिवाय राहत नाही. शिक्षक खरोखरच नसतील, चार महिने जागा रिकामी असेल, तर ती वस्तुस्थिती आहे. ती मात्र मुलाने सांगण्यापेक्षा कॉलेजने सांगितलेली बरी.

हा ‘कुणी सांगायचे’ हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अर्जासोबत शाळेकडूनही एक अहवाल आणि शिफारसपत्र जाते. अमेरिकेत हे काम शाळेतला समुपदेशक करतो. आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत असा माणूसच नसतो, म्हणून प्राचार्य किंवा वर्गशिक्षक ते भरतात आणि बहुतेक वेळा ‘विद्यार्थिनी हुशार, नम्र व मेहनती आहे’ इतक्यावर आटोपतात. या मुलीच्या प्राचार्यांनीही तसेच लिहिले होते. आम्ही त्यांना जाऊन भेटलो. भले गृहस्थ. म्हणाले, “मला हे सगळं ठाऊक आहे, रजेच्या अर्जावर सही मीच केली. पण घरचं दुखणं पत्रात लिहावं का, असं वाटलं.” त्यांनी मग नव्याने पत्र दिले, त्यात तिला लवकर जाण्याची परवानगी दिल्याचा आणि सुट्टीत प्रयोग पूर्ण करून घेतल्याचा उल्लेख केला. मुलीने सांगितलेली गोष्ट तिसऱ्या माणसाने दुजोरा देऊन सांगितली की खुलाशाला आधार मिळतो.

इथे एक गंमत झाली. गंमत कसली, जीव टांगणीला लागला. पत्राचा मसुदा आला त्यात देखभाल ‘जुलैपासून’ असे होते आणि मुलीने लिहिले होते ऑगस्ट. दोघेही प्रामाणिक. जुलैत अब्बूंना पहिल्यांदा ॲडमिट केले होते आणि रजेचा पहिला अर्ज तेव्हाचा. डायलिसिस ऑगस्टच्या मध्यापासून. पण दूर बसलेल्या माणसाला फक्त दोन वेगळे महिने दिसले असते. दवाखान्याची फाइल काढली आणि दोन्हीकडे ऑगस्ट केले. अर्ज पाठवण्याआधी मुलीची चौकट, उपक्रमांची यादी आणि प्राचार्यांचे पत्र, तिन्ही शेजारी ठेवून तारखा नि आकडे जुळवावेत, हे आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

आणि निबंध? तो मोकळा झाला. डायलिसिस चौकटीत गेल्यावर ६५० शब्द तिच्या हाती परत आले, आणि दोन दिवस तिला काय लिहावे ते सुचेना. मग ती एक जाड वही घेऊन आली. उर्दूतून इंग्रजीत आल्यावर अकरावीच्या पहिल्या आठवड्यापासून तिने शब्दांची वही केली होती. एका रकान्यात उर्दू, दुसऱ्यात इंग्रजी आणि तिसऱ्यात मराठी, कारण शेजारी बसणारी मैत्रीण मराठी माध्यमातून आली होती. इसरा, ॲक्सिलरेशन, त्वरण. ज़ियाई तालीफ़, फोटोसिंथेसिस, प्रकाशसंश्लेषण. ‘ज़ियाई तालीफ़’मध्ये उजेडाने रचना करणे असा अर्थ आहे आणि मराठी शब्दातही जवळपास तोच आहे, हे तिला डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून शब्द पाठ करताना लक्षात आले. शब्द कळला की क्रिया कळते, असे तिचे म्हणणे. निबंध या वहीवर झाला. अब्बू त्यात एकदाच येतात, बाकाच्या पलीकडे, दाराआड. ते वाचून त्यांनी मान वर केली.

आता मर्यादाही सांगतो. अशा खुलाशाने ५९चे ७५ होत नाहीत. मार्क तेच राहतात, वाचणाऱ्याची नजर तेवढी बदलू शकते. आणि त्यालाही पुरावा लागतो. परिस्थिती निवळल्यावर मार्क वर आले नसते, तर तिच्या चौकटीतले अर्धे वाक्य उरलेच नसते. परिस्थिती अजून चालू असून मार्कही खालीच आहेत अशी मुले आमच्याकडे येतात. त्यांनी खरे तेच लिहावे. मात्र त्यांची चौकट तेवढी बोलकी होणार नाही, हे त्यांना आम्ही आधीच सांगतो. खोट्या आजाराचे कागद करून देतो म्हणणारेही गावात भेटतात. त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो. नंतर उघड झाले तर दिलेला प्रवेशही काढून घेतात.

निकाल मार्चअखेर आले. सातपैकी पाच ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रतीक्षा यादी, आणि एका लहान कॉलेजात प्रवेश, जवळजवळ सगळा खर्च भागेल एवढ्या मदतीसह. नकार देणारे कारण कळवत नाहीत आणि घेणारेही कळवत नाहीत. त्यामुळे या सव्वाशे शब्दांनी किती काम केले ते आम्हाला सांगता येणार नाही. बाकीच्या पाच जणांनीही तेच शब्द वाचले होते.

तिच्या कॉलेजात मात्र एक झाले. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून कॉलेजची एक पानी माहिती तयार करून घेतली. बोर्ड कोणते, पास कितीला, अकरावीला पहिल्या आलेल्याचे टक्के किती, किती मुले उर्दू आणि मराठी माध्यमातून येतात. हे पान यंदापासून प्रत्येक अर्जासोबत कॉलेजकडूनच जाईल. म्हणजे पुढच्या मुलीला आपल्या ३०० शब्दांतले निम्मे शब्द मोजपट्टी समजावण्यात घालवावे लागणार नाहीत.